दिवसाला फक्त चाळीस पैसे

हळदीचा भाव वाढला, एवढंच गिऱ्हाइकांना सांगायचं होतं. त्यासाठी मी सात मिनिटांचा व्हिडिओ केला, आणि तो पाहून झाल्यावर भाव किती वाढला हे जवळजवळ कुणालाच कळलं नाही. काहींना वाटलं, मी धंदा बंद करतोय. एकाने विचारलं, कुठल्या वॉर्डातून उभे राहताय? वाईच्या एका मावशींनी पहिल्या काही सेकंदांतला माझा चेहरा पाहूनच व्हिडिओ बंद केला आणि हात जोडून ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ असं लिहून पाठवलं.

मावशींची चूक नव्हती. चेहरा तसाच होता.

मी साताऱ्याचा. पतसंस्थेतली नोकरी संपल्यावर घरबसल्या हळद-मसाल्याचा उद्योग सुरू केला. हळद सांगलीची, राजापुरी. अडत्याकडून हळकुंड आणायचं, निवडायचं, दळून आणायचं, वस्त्रगाळ करायचं आणि अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरून घरोघर द्यायचं. सातारा, वाई, कराड आणि बायकोच्या माहेरामुळे थोडी सांगली अशी मिळून १८० घरं झाली होती. पाकीट ११० रुपयांना. दोन वर्षं हाच दर होता, आणि तो जन्मभर राहील अशा समजुतीत मी आणि गिऱ्हाइकं दोघंही सुखात होतो.

मग २०२३ उजाडलं. वर्षाच्या सुरुवातीला क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास रेंगाळणारी हळद ऑगस्टपर्यंत दुपटीच्या वर गेली. लागवड कमी झाल्याच्या बातम्या होत्या, जूनचा पाऊस लांबला होता, आणि पुढे ऑगस्ट तर कोरडाच गेला. मी सांगलीच्या अडत्याला फोन करून म्हटलं, “अहो शेट, जरा कमी-जास्त बघा की.” ते म्हणाले, “साहेब, भाव माझ्या हातात हाय व्हय? आणि आता उतरायची वाट बघू नका. नवा माल फेब्रुवारीत.”

हे मात्र खरं होतं. हळद मे-जूनमध्ये लावतात आणि जानेवारीनंतर काढतात. काढल्यावर ती शिजवायची, उन्हात वाळवायची, ड्रममध्ये पॉलिश करायची, मग ती बाजारात येते. मेथीची जुडी महागली तर महिन्याभरात नवी मेथी येऊन भाव पाडते. हळदीला ही सोय नाही. ऑगस्टमध्ये चढलेला भाव निदान फेब्रुवारीपर्यंत आपल्या छातीवर बसणार.

पतसंस्थेची सवय, म्हणून आधी कागद काढला. मी पूर्वी ७५ रुपये किलोने घेतलेलं हळकुंड आता १५० ला पडत होतं. निवडण्यात आणि दळण्यात शंभर किलोंमागे आठ किलो घट येते. म्हणजे एक किलो पुडीमागे हळकुंडाचा खर्च साडेएक्क्याऐंशी रुपयांवरून १६३ वर गेला. अर्ध्या किलोच्या पाकिटामागे वाढ झाली जवळजवळ ४१ रुपयांची. मी ठरवलं, चाळीसच वाढवायचे. ११० चे १५०.

हा जो एक रुपया मी सोडला, त्याने घात केला. एका रुपयाचा त्याग हातून घडल्यावर तो जगाला कळावा असं वाटणं साहजिक आहे. पहिल्या व्हिडिओतली जवळपास दोन मिनिटं त्या रुपयावर गेली.

व्हिडिओ करायचा सल्ला भाचीचा. ती म्हणाली, “मामा, मेसेज कुणी वाचत नाही. तू स्वतः समोर येऊन बोल, लोक तुला ओळखतात.” सल्ला उत्तम होता. पण मी आयुष्यभर वार्षिक सभेत अहवाल वाचलेला माणूस. मी तिच्या सल्ल्याचा अहवाल केला. गच्चीवर, मागे अजिंक्यतारा येईल असा उभा राहिलो. अंगात लग्नातला कोट. सुरुवात केली हळदीच्या प्राचीनतेपासून. मग सांगली. मग हरिपूरची पेवं, म्हणजे जमिनीच्या पोटात खोदलेली ती कोठारं, ज्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि ज्यांत २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं. इथे माझा आवाज भरून आला. मग २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन. मग पाऊस, निर्यात, वायदेबाजार. मग माझा रुपया. आणि सहाव्या मिनिटाच्या पुढे, “त्यामुळे नाइलाजाने, जड अंतःकरणाने...”

भाचीने फोन खाली घेतला. “मामा, आकडा कधी सांगणार? दिवाळीला?”

मी म्हटलं, आधी कारण कळू दे, मग आकडा टोचत नाही. ही समजूत माझ्या एकट्याची नाही. दर वाढवणारे बहुतेक लोक असंच करतात. प्रत्यक्षात होतं उलटं. माणूस समोर येऊन लांबण लावतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाईट बातमीचा वास लगेच लागतो, आणि आकडा येईपर्यंत तो मनात स्वतःचा आकडा धरून बसतो. सांगलीच्या माझ्या साडूंनी नंतर सांगितलं की चौथ्या मिनिटाला ते अडीचशे रुपयांपर्यंत पोचले होते. दीडशे ऐकले असते तर त्यांना स्वस्त वाटलं असतं. पण ते तिथपर्यंत थांबलेच नाहीत.

बाकीचे का थांबले नाहीत, याचं कारण आणखी साधं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला तेव्हा एका वेळी तीसच सेकंदांचा व्हिडिओ चढायचा. म्हणून मी माझ्या भाषणाचे तुकडे पाडले आणि ओळीने लावले. लोकांनी पहिला तुकडा पाहिला, त्यात कोट आणि किल्ला होता. दुसरा पाहिला, त्यात प्राचीन भारत होता. तिसऱ्याला अंगठा दाबून ते पुढच्या माणसाच्या स्टेटसवर गेले. तिथे धोंड्याच्या महिन्यानिमित्त जावयाला वाढलेलं अनारशांचं ताट होतं. माझ्या एकशे पन्नास रुपयांचा तुकडा अगदी शेवटी होता. तो पाहणाऱ्यांची यादी उघडली तर तीन नावं निघाली: बायको, भाची आणि माझाच दुसरा नंबर.

ज्यांना थेट पाठवला त्यांची गंमत वेगळी. मी ब्रॉडकास्ट यादी केली होती. एका यादीत २५६ जण बसतात, माझी घरं १८०, म्हणजे चिंता नाही असं वाटलं. पण ज्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. दोन वर्षं माझी हळद खाणाऱ्या निम्म्याअधिक घरांत माझा नंबर कुणी सेव्हच केला नव्हता. त्यांच्या लेखी मी ‘हळदवाला बहुतेक’ एवढाच होतो. म्हणजे बातमी जुन्या गिऱ्हाइकांना कळली नाही आणि स्टेटसमुळे मुंबईच्या आतेभावाला मात्र तिची कुणकुण लागली, त्याने फोन करून विचारलं, “दादा, पैशाची अडचण आहे का?”

व्हिडिओ काढून टाकावा म्हटलं. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांच्या आत सर्वांकडून पुसता येतो, तेवढा वेळ हाताशी होता. पुसलाही. मग लोकांच्या फोनवर ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी दिसू लागली, आणि ज्यांनी व्हिडिओ उघडलासुद्धा नव्हता तेही विचारू लागले की काय लपवताय.

दुसरा व्हिडिओ मी धंदेवाईक करायचं ठरवलं. कोट काढला. कुठेतरी ऐकलं होतं की किंमत मोठी वाटत असेल तर तिचे दिवस पाडावेत. मग पुन्हा कागद. चौघांच्या घरात दिवसाला पाचेक ग्रॅम हळद लागते असं धरलं तर अर्धा किलो शंभर दिवस पुरते. वाढ चाळीस रुपये. म्हणजे दिवसाला चाळीस पैसे! हे गणित सुटलं तेव्हा रात्री अकरा वाजता मी बायकोला उठवलं. ती म्हणाली, “अहो, चाळीस पैशांसाठी उठवलंत?” त्यातच खरं तर सगळं आलं होतं, पण मला तेव्हा कळलं नाही.

व्हिडिओ या वेळी लहान होता आणि हसत केला होता. “चाळीस पैसे! आजच्या जमान्यात चाळीस पैशांत काय येतं हो?” असं मी हात झटकून विचारलं होतं. पहिलं उत्तर सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं आलं. त्यांनी लिहिलं, “आपले म्हणणे पटले. रक्कम इतकी किरकोळ असेल तर आपणच सोसावी.”

मी ताबडतोब हिशोब केला. १८० घरं, प्रत्येकी चाळीस पैसे, दिवसाचे बहात्तर रुपये, वर्षाचे २६ हजार २८० रुपये. हा आकडा बाईंना कळवावा म्हणून टाइप करायला घेतला आणि मध्येच थांबलो. जी रक्कम त्यांच्या खिशातून जाताना मी किरकोळ म्हणत होतो, तीच माझ्या खिशातून जाताना एवढी मोठी होत होती की मी पुराव्यानिशी सिद्ध करायला निघालो होतो. दिवस पाडण्याची युक्ती नव्या गिऱ्हाइकावर चालत असेल. त्याने अजून पाकीट पाहिलेलं नसतं. जुन्या गिऱ्हाइकाला आपण काय देत होतो आणि आता काय द्यायचं हे रुपयांत पाठ असतं. त्याला पैसे पैशांत मोडून दाखवले की तो एवढंच ऐकतो: तुमचे चाळीस रुपये मी मोजतसुद्धा नाही.

आणखी एक भानगड याच व्हिडिओत केली होती. गणपतीसाठी लागेल म्हणून जुन्या भावाच्या हळकुंडाची दोनेकशे पाकिटं मी आधीच भरून ठेवली होती. त्यांवर ११० छापलेलं. माझा बेत होता १५० चे स्टिकर मारायचा. स्टिकर छापूनही आणले होते. पण शाहूपुरीत आमचे एक गिऱ्हाईक आहेत, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले काका. ते पाकीट न्यायला आले, टेबलावरची स्टिकरची गुंडाळी उचलून त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “हे कुणाला चिकटवणार?” मग तिथेच उभ्याने त्यांनी मला आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम समजावले. छापील किंमत कमी करायला स्टिकर लावता येतो, तोही मूळ किंमत न झाकता. वाढवायला नाही. ११० छापलंय ते पाकीट ११० नेच विकायचं, हळकुंड दुप्पट झालं तरी. जाताना त्यांनी १११ रुपये दिले. वरचा रुपया कशाचा, तर पहिला व्हिडिओ त्यांनी पूर्ण पाहिला होता.

आता कायद्याने जे करणं भागच होतं ते मी व्हिडिओत औदार्य म्हणून जाहीर केलं: “फक्त आपल्या जुन्या कुटुंबासाठी, ३१ ऑगस्टपर्यंत जुनाच दर!” टाळ्यांची अपेक्षा होती. कराडहून एका खानावळवाल्यांचा निरोप आला, वीस पाकिटं पाठवा. नाही म्हणता येईना. किती घ्यायची ते मी बोललोच नव्हतो. दळलेली हळद डब्यात वर्षभर पडून राहिली की रंग उतरतो, वास जातो, हे त्यांना समजावू गेलो तर ते म्हणाले, “आमच्यात वर्षभर नाही राहत. तेवढी एका महिन्याची आहे.” वीस पाकिटांमागे मला मिळाले २ हजार २००, आणि तेवढीच पाकिटं पुन्हा भरायची तर नुसत्या हळकुंडाचा जास्तीचा खर्च आठशे-साडेआठशे. जुन्या मालावर नफा दिसतो खरा, पण तो पैसा घेऊन बाजारात गेलं की नवा माल पहिल्याइतका येत नाही, हे मी पतसंस्थेत किती दुकानदारांना ऐकवलं असेल याची गणती नाही.

एवढं झाल्यावर भाचीने फर्मान काढलं की तिसरा व्हिडिओ करण्याआधी मी गिऱ्हाइकांशी बोलावं. फोनवर, एकेकाशी, आणि बोलू त्यांना द्यावं. मी वही घेऊन बसलो. प्रश्न एकच: आमची हळद तुम्ही का घेता?

पेवांचं नाव एकानेही घेतलं नाही. मानांकनाचं तर नाहीच. वाईच्या मावशी (मी जिवंत आहे याची खातरी करून घेतल्यावर) म्हणाल्या, “तुझी हळद कमी लागते रे. बाजारची एक चमचा, तुझी अर्धा.” एकजण म्हणाल्या, हळद घातलेल्या दुधात तळाला गाळ बसत नाही. सांगलीच्या एका वहिनींनी सांगितलं की सुनेच्या हातून डबा सांडला आणि ओटा तीन दिवस पिवळा होता. हे त्या कौतुकाने सांगत होत्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “पाकीट संपायच्या आधी तुमचा फोन येतो. मला बाजारात जावं लागत नाही.”

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि ते कारण मला माहीत होतं, पण ते सांगण्यासारखं आहे हे माहीत नव्हतं. हळदीच्या रोपाला मधला गड्डा असतो आणि त्याला फुटलेली हळकुंडं असतात. गड्डा स्वस्त पडतो, म्हणून दळताना तो मिसळण्याचा मोह होतो. मी फक्त हळकुंड दळतो. म्हणून ती कमी लागत असावी. गाळ बसत नाही कारण बायको ती वस्त्रगाळ करायला लावते. आणि पाकीट संपायच्या आधी फोन जातो तो माझ्या सेवाभावामुळे नाही. पतसंस्थेत हप्ता चुकायच्या आधी कर्जदाराला फोन करायची सवय लागली होती, ती सुटली नाही.

तिसरा व्हिडिओ स्वयंपाकघरात केला, साध्या शर्टात, गच्चीवरचा वारा नको म्हणून खिडकी लावून. समोर परात, परातीत हळकुंड. भाचीने ‘११० → १५०, १ सप्टेंबरपासून’ ही अक्षरं पहिल्या सेकंदापासून पडद्यावर मोठी ठेवली, कारण एसटीत बसलेला माणूस आवाज बंद ठेवूनच बघतो. माझं बोलणं असं होतं:

“नमस्कार. १ सप्टेंबरपासून आपल्या अर्धा किलो हळदीचे ११० ऐवजी १५० रुपये होतील. सांगलीत हळकुंड दुप्पट झालंय, म्हणून. हळद तीच राहील: नुसतं हळकुंड, गड्डा नाही, वस्त्रगाळ. पाकीट संपायच्या आधी फोनही येईल. ११० ची थोडी पाकिटं शिल्लक आहेत, ती तुमच्यासाठी घरटी एक ठेवलीत. हवं असेल तर ३१ तारखेपर्यंत ‘हो’ लिहून पाठवा.”

अर्ध्या मिनिटात संपलं. मला ते फारच उघडंबोडकं वाटलं. मी म्हटलं, निदान शेवटी ‘क्षमस्व’ म्हणू दे. बायको म्हणाली, “अहो, चोरी केलीय का? मग क्षमा कशाची?” मी म्हटलं, बरं, तो एक रुपया तरी? त्यावर दोघी काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

या वेळी ब्रॉडकास्ट नाही. १८० घरांना एकेक करून पाठवला, वर नाव घालून. ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांना फोन केला. स्टेटसवर तो दोन दिवसांनी लावला, कारण घरच्या माणसाला बातमी बाहेरून कळली की भाव वाढल्यापेक्षा त्याचाच राग जास्त येतो. मुंबईच्या आतेभावाच्या प्रकरणात सांगलीचे साडू नेमके यावरूनच रुसले होते. उत्तरं आली ती बहुतेक ‘हो’, एवढीच. काहींनी १५० ची दोन आणखी सांगितली. एकाने विचारलं, भाव उतरला तर पुन्हा ११० करणार का? याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी लिहिलं, फेब्रुवारीत नवा माल आला की सांगतो, जे असेल ते. त्यांनी अंगठा पाठवला. फेब्रुवारी आला तरी सांगलीचा बाजार उतरला नव्हता, आणि तसं मी त्यांना फोन करून सांगितलं.

जुनी पाकिटं गणपतीच्या आधी, ऑगस्ट संपतानाच संपली. छापून आणलेली १५० ची स्टिकरं काकांच्या देखरेखीखाली नव्या पाकिटांवर लागली. दरवाढीने पाच घरं तुटली. त्यातली चार परत आली नाहीत. पाचवं माझ्या मेहुणीचं, आणि तिथे पाकीट आता फुकट जातं.